पाचला उठणारं लेकरू

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साधारण ५.३६ ला उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. जानेवारीच्या मध्यावर तो उगवायला ६.५५ होतात. दोन ऋतूंमध्ये उजाडण्याच्या वेळेत तब्बल ऐंशी मिनिटांचा फरक पडतो. पण दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्या घरातली तक्रार दोन्ही ऋतूंत एकच ऐकू येते: "लेकरू पाचलेच उठून बसते जी." केवळ उजेडामुळे जाग येत असती, तर जानेवारीत मुलं साडेसहापर्यंत झोपली असती. तशी ती झोपत नाहीत. म्हणून या प्रश्नाचा विचार खिडकीच्या पडद्यापासून सुरू केला की अर्धं उत्तर हातातून निसटतं.

आधी हिशेब करावा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, ११ ते १४ तास झोप लागते. तीन वर्षांपासून पाचपर्यंत १० ते १३ तास. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ मध्ये हे आकडे दिले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात जवळपास तेच ठेवले. यात उठायची वेळ कुठेच सांगितलेली नाही. साडेसातला झोपून पाचला उठणारं आणि दुपारी दोन तास झोपणारं मूल साडेअकरा तास झोपलेलं असतं. त्याला काही कमी पडत नाही. कमी पडते ती घरच्यांना. पावणेदहाला झोपून पाचला उठणाऱ्या मुलाची रात्र मात्र सव्वासात तासांचीच होते, आणि दिवसाची झोप मिळवूनही ते अकरापर्यंत पोचत नाही. तक्रार दोन्ही घरांत सारखी असली तरी उपाय एकमेकांच्या उलट आहेत. शेजारणीचा उपाय आपल्या घरी का चालला नाही, याचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं.

पहाटे चार ते सहा ही वेळच नाजूक का, याचं उत्तर झोपेच्या शास्त्राने बरंचसं दिलेलं आहे. झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो, अशी मांडणी झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. पहिली म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ. दुसरी म्हणजे मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ. संध्याकाळी ओढ भरपूर असते, त्यामुळे मूल गाढ झोपतं आणि रात्री दहाला घरात भांडं पडलं तरी हलत नाही. पहाटेपर्यंत ती ओढ जवळजवळ फिटलेली असते. झोप हलकी होते, स्वप्नं वाढतात, आणि मुलाला झोपेत धरून ठेवायला एकटं घड्याळच उरतं. अशा वेळी ओलं दुपटं, थंडी, भूक, आवाज यांपैकी काहीही पुरतं. रात्री अकराला जे चाललं असतं तेच पहाटे पाचला चालत नाही.

आता आष्टीसारख्या गावातल्या घरात पाच वाजता काय घडतं ते पाहू. मूल बहुधा आईजवळच झोपतं, आणि पाचच्या सुमारास आई उठते. नळाला पाणी यायचं असतं, डबा करायचा असतो, शेतावर जायचं असतं. हलक्या झोपेतल्या मुलाचा हात बाजूला जातो आणि तिथे कोणी नसतं. कित्येक घरांत मुलाच्या जागे होण्याचं कारण एवढं साधं असतं. ते पडताळूनही पाहता येतं: आईने चार दिवस सहापर्यंत अंथरुणात राहून पाहावं, किंवा ती उठताना आजीने तिच्या जागेवर येऊन पडावं. मूल सहापर्यंत झोपलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

झोळीत किंवा पाळण्यात झोपणाऱ्या मुलाची गोष्ट याच जातीची. झोका देऊन झोपवलेलं मूल रात्री मधूनमधून अर्धवट जागं होतं; ओढ असेतोवर आपोआप पुन्हा झोपतं. पाचला त्याला पुन्हा झोका हवा असतो. तो मिळाला नाही की ते उठून बसतं, आणि मिळाला तरी पुष्कळदा झोप लागत नाही, कारण ओढ संपलेली असते. याला इलाज पाचला शोधू नये. रात्री मूल पेंगत असताना, पूर्ण झोपण्याच्या आधी, झोका थांबवायची सवय लावावी. तिचा परिणाम पहाटे दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

विदर्भातलं आणखी एक कारण म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो आणि स्लॅबचं घर रात्री अकरापर्यंत भट्टीसारखं तापलेलं असतं. दहाला पूर्ण वेगाने लावलेला कूलर तेव्हा योग्यच असतो, पण पहाटे बाहेरची हवा उतरते, शरीराचं तापमानही दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीजवळ असतं, आणि तोच ओलसर झोत मुलाच्या अंगावर येत राहतो. त्याने पांघरूण कधीच लाथाडलेलं असतं. हातपाय गार लागत असतील तर पंप बंद करून नुसता पंखा ठेवावा आणि झोत भिंतीकडे वळवावा. कूलरचा एक उपकारही आहे: त्याच्या एकसुरी आवाजात कोंबडा, भोंगा, पहिल्या एसटीचा हॉर्न हे सगळं बुडून जातं. वीज गेली की उकाडा आणि शांतता एकदमच येतात, आणि मूल उठतं. हिवाळ्यात कूलर नसतो, म्हणून तेच आवाज टोचतात. शिवाय कार्तिकात भोंग्यावरून काकडआरती असते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. हे नियम सांगून गावात कोणाशी वाद घालण्यापेक्षा मंद गतीचा पंखा लावणं सोपं, हे माझं व्यवहारी मत.

उजेडाबाबत दोन वेगळ्या गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, लहान मुलांचे डोळे उजेडाला मोठ्यांपेक्षा खूप हळवे असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात मोनिक लेबुर्जुआ यांच्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर तेजस्वी उजेडात खेळायला लावलं. झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन जवळजवळ ८८ टक्क्यांनी घटलं आणि दिवे मालवून पन्नास मिनिटं झाली तरी नीट वर आलं नाही. २०२२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की मंद उजेडातही, अगदी ५ लक्सपासून पुढे, ही घट मोठी असते. आपल्या खोलीतली ट्यूबलाइट त्याहून कितीतरी प्रखर. म्हणजे रात्री नऊला ट्यूबखाली टीव्ही चालू असताना 'झोपत का नाही' म्हणून मुलाला रागावणं अन्यायाचं आहे.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. उजेड घड्याळ कोणत्या दिशेला सरकवतो, हे तो केव्हा पडतो यावर ठरतं. संध्याकाळी-रात्री पडलेला उजेड घड्याळ मागे ओढतो, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही उशिरा होतात. पहाटेच्या उत्तरार्धात पडलेला उजेड त्याला पुढे नेतो, म्हणजे उद्या जाग आणखी लवकर येते. पाचला उठलेल्या मुलाला ओट्यावरच्या ट्यूबखाली बसवणं, हातात मोबाइल देणं किंवा चहात बुडवलेलं बिस्किट भरवणं, यांतून त्याच्या शरीराला एकच निरोप जातो: दिवस इथून सुरू होतो. अन्नही घड्याळाला वेळ सांगतं, आणि चहात तर कॅफिन असतं. कशाने तरी एकदा आलेली पाचची जाग दोन आठवड्यांत पक्की होते ती अशी. मूळ कारण, एखादा ताप किंवा प्रवास, केव्हाच निघून गेलेलं असतं.

म्हणून पहाटेचा नियम सोपा आहे. ठरवलेल्या वेळेच्या आत मूल उठलं तर खोली अंधारी ठेवावी, त्याच्याजवळ पडून राहावं, बोलणं कुजबुजीत, खेळणं-खाणं काही नाही. शौचाला न्यायचं असेल तर झीरोचा दिवा पुरे, तोही जमिनीलगत. ही वेळ पहिल्या दिवसापासून सहा धरू नये; तासभर रडणारं मूल आणि तासभर धीर धरणारी आई, दोन्ही दुर्मीळ. आधी सव्वापाच, मग साडेपाच, मग पावणेसहा. ती वेळ झाली की मात्र दिवा लावून, दार उघडून, मोठ्याने 'उजाडलं' म्हणावं, म्हणजे मुलाला रात्र आणि दिवस यांतली सीमा कळते.

खिडकीच्या पडद्याचा प्रश्न आष्टीत मुख्यतः मे ते जुलै असा तीनच महिन्यांचा आहे. त्या काळात पाच-दहालाच आकाश इतकं फटफटतं की दिव्याशिवाय माणूस ओळखू येतो. पूर्वेच्या खिडकीला जुनी गोधडी किंवा काळा कार्डशीट लावला तरी काम भागतं. गच्चीवर किंवा अंगणात झोपणाऱ्यांना ते शक्य नाही. त्यांनी खाट जिन्याच्या खोलीच्या पश्चिमेला घ्यावी, मच्छरदाणीच्या पूर्वेकडच्या बाजूवर गडद सुती चादर टाकावी, आणि बाकी तिन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. पाळण्यावर जाड कापड झाकून अंधार करणं धोक्याचं आहे, हवा कोंडते. तरीही मे महिन्यात फार सुधारणा होणार नाही. ज्या घरात अकराच्या आत खोली निवत नाही तिथे मुलाला सव्वाआठला झोपवणं हा विनोद आहे. झोपेची वेळ बदलण्याचं काम पाऊस स्थिरावल्यावर जुलैत, किंवा दिवाळीनंतर हाती घ्यावं.

आता एक नमुना सविस्तर पाहू. मूल सव्वादोन वर्षांचं. पाचला उठतं. नऊपर्यंत कुरकुरायला लागतं, साडेनऊला झोपतं ते अकराला उठतं. दुपारी ताजंतवानं असतं, चारला पुन्हा पेंगतं आणि पाचपर्यंत झोपतं. मग रात्री पावणेदहापर्यंत डोळ्याला डोळा नाही. रात्र सव्वासात तासांची, दिवसाची झोप अडीच तास, एकूण पावणेदहा. आई म्हणते, रात्री आणखी उशिरा झोपवलं तर सकाळी उशिरा उठेल. हा प्रयोग जवळपास प्रत्येक घर करतं आणि जवळपास प्रत्येक घरात तो फसतो, कारण जाग घड्याळाने येते आणि घड्याळ एका रात्रीत हलत नाही. कमी होते ती फक्त झोप.

या मुलाची साडेनऊची झोप म्हणजे खरं तर रात्रीचाच तुटलेला शेवट. तो तिथे मिळतो म्हणून शरीराला पाचला उठणं परवडतं. तेव्हा सुरुवात तिथून करायची. दर दोन-तीन दिवसांनी ती झोप पंधरा मिनिटं पुढे ढकलायची: पावणेदहा, दहा, सव्वादहा, असं करत बारापर्यंत. याला तीन ते चार आठवडे जातात. ढकलण्याचा उत्तम मार्ग म्हणजे नऊच्या सुमाराला मुलाला उघड्यावर नेणं, कारण सकाळच्या उन्हात पेंग उडते. चारची झोप पहिल्या आठवड्यातच बंद करायला घ्यावी. एखाद्या दिवशी मूल अगदीच कोसळलं तर वीस मिनिटांची डुलकी चालेल, पण ती चारच्या आत संपायला हवी. चारची झोप गेली की मूल साडेसातलाच डोळे चोळायला लागतं. सात ते सव्वासातला जेवण, मग ट्यूब बंद करून पिवळा मंद दिवा, अंग पुसणं, गोष्ट, आणि सव्वाआठला अंथरूण. महिनाभराने आठवड्याचं चित्र असं दिसावं: सव्वाआठ ते पावणेसहा, दुपारी बारा ते दीड. रात्र साडेनऊ तास, दुपार दीड, एकूण अकरा. पाचची पावणेसहा झाली, यापेक्षा मोठा बदल म्हणजे मुलाला सव्वा तास झोप जास्त मिळाली.

बिघडतंय हे कसं ओळखावं? अंथरुणात पडल्यावर चाळीस मिनिटं मूल लोळत राहिलं तर वेळ फार अलीकडे आली. लेबुर्जुआ यांच्याच एका अभ्यासात अडीच ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये मेलाटोनिन वाढायला सरासरी साडेसातच्या सुमाराला सुरुवात होत होती, पण मुलामुलांत बराच फरक होता. ते वाढायच्या आधीच निजवलेली मुलं जास्त त्रास देत. उलट, पडल्या पडल्या दोन मिनिटांत झोपलं आणि सकाळी नऊला रडायला लागलं तर अजून कमी पडतंय. जाग साडेचारवर गेली तर दिवसाची झोप फार झपाट्याने ढकलली गेली, एक पायरी मागे यावं. 'जास्त थकल्याने पहाटे रसायनं वाढतात आणि मूल लवकर उठतं' असं ठामपणे सांगितलं जातं, त्याला चांगला पुरावा नाही. हिशेब आणि झोपेच्या वेळा लिहिलेली वही एवढंच इथे पुरतं.

साडेसातला झोपणाऱ्या पहिल्या मुलाचं काय? त्याची झोप भरलेली असल्याने लवकर निजवून काही मिळणार नाही. त्याला दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं उशिरा झोपवत साडेआठपर्यंत न्यायचं, जेवणंही त्याबरोबर सरकवायची, संध्याकाळी सहा ते सात अंगणात उजेडात खेळू द्यायचं आणि पहाट अंधारी ठेवायची. दुपारची झोप तीनच्या पुढे जात असेल तर उठवायचं. ऑस्ट्रेलियातल्या कॅरन थॉर्प आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दोन वर्षांनंतरच्या दुपारच्या झोपेचा रात्री उशिरा झोपण्याशी आणि रात्रीची झोप घटण्याशी संबंध दिसला होता. म्हणजे दुपारची झोप वाईट असं नव्हे. तिची वेळ वयाबरोबर आक्रसत जाते.

अपेक्षांचा भाग सगळ्यात अवघड. इंग्रजी पुस्तकांतून आणि मोबाइलवरून येणारा सल्ला 'सात ते सात' असा असतो. आष्टीत जूनमध्ये सातला सूर्य नुकता मावळत असतो आणि उघड्या घरात लोकांची वर्दळ चाललेली असते. मुंबईचा सल्लाही जसाच्या तसा उपयोगी नाही. तिथे जूनमधला सूर्योदय सहाच्या सुमाराला असतो, आष्टीत पंचवीस मिनिटं आधी. घड्याळ देशभर एकच असलं तरी सूर्य तसा नाही. २०१० मध्ये जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी १७ देश-प्रदेशांतल्या २९ हजारांहून जास्त लहान मुलांची माहिती तपासली, तेव्हा झोपायची वेळ न्यूझीलंडमध्ये सरासरी ७.२७ तर हाँगकाँगमध्ये १०.१७ निघाली. आशियात, भारतासह, मुलं एकूण उशिरा झोपतात आणि कमी झोपतात.

आपल्याकडे पहाटे उठणं हा गुण आहे. सेवाग्रामच्या आश्रमात उजाडायच्या आधी प्रार्थना होते. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीची पहाट सामुदायिक ध्यानाने सुरू होते, आणि आसपासच्या गावांतल्या आजी-आबाजींची पिढी त्या वळणावर वाढली. पण ती माणसं दिवेलागणीनंतर तास-दोन तासांत झोपत. आज जाग तिथेच राहिली, आणि झोप मालिकांनी व मोबाइलने दोन तास पुढे नेली. रात्र सकाळच्या बाजूने कमी झालेली नाही, संध्याकाळच्या बाजूने झाली आहे. दुरुस्तीही तिथूनच करायला हवी. भारतातल्या मुलांच्या वेळवापराची माहिती तपासणारे अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनाही हेच दिसलं: जिथे सूर्य उशिरा मावळतो तिथे मुलं उशिरा झोपतात, पण उठण्याची वेळ तेवढी सरकत नाही.

काही मुलांना मात्र वही आणि अंधार पुरत नाहीत. मूल रोज घोरत किंवा तोंडाने श्वास घेत असेल, रात्रभर पाय झाडत असेल किंवा गुदाशी खाजवत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. अनुक्रमे वाढलेले टॉन्सिल-अॅडिनॉइड, लोहाची कमतरता आणि जंत यांची शंका घ्यायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, तेव्हा लोहाची शंका दूरची नाही. वजन कमी असलेल्या मुलाचं पहाटेचं दूध झोपेसाठी तोडू नये. आणि झोपेसाठी औषध नको. मुंबईच्या गिरण्यांत कामावर जाणाऱ्या बायका मुलांना अफूची 'बाळागोळी' देत, तो इतिहास फार जुना नाही. आज तिची जागा सर्दीच्या सिरपने घेतली आहे. त्यांतल्या क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या मिश्रणाला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये चार वर्षांखालच्या मुलांसाठी मनाई केली. सहाणेवर उगाळलेलं जायफळही रोज देऊ नये, जास्त मात्रेत ते विषारी आहे.

बाकी राहतो घरातला करार. एकत्र कुटुंबात आजी पाचला उठलेलीच असते आणि नातवाला उचलून चुलीजवळ नेण्यात तिला आनंद असतो. तिला नियम सांगायचे नसतात, काम सांगायचं असतं: सहापर्यंत त्याच्याजवळ अंधारात पडून राहा, चहा-बिस्किट सहानंतर. सुरू करण्याआधी सात दिवस मुलाच्या झोपेच्या आणि जागेच्या वेळा वहीत लिहून काढा आणि बेरीज करा. अकरा तास भरत असतील आणि मूल सकाळी नऊला हसत-खेळत असेल, तर पाच-साडेपाच ही त्याची वेळ आहे असं मानून मोठ्यांनीच दहाला झोपावं.